वही भरली की ऑर्डर बंद

नमस्कार काकू,

माझं लहानसं शिलाईचं दुकान आहे. दोन मशीन, एक इंटरलॉक. मी आणि एक कारागीर ताई शिवतो. हूक आणि हातशिलाईला एक मुलगी अर्धा दिवस येते. दिवसाला सहा अस्तराचे ब्लाउज निघतात. सण ४५ दिवसांवर आलाय आणि ३८ कपडे आधीच हातात आहेत. गेल्या वर्षी दहा दिवस आधी ऑर्डर बंद केल्या, तरी आदल्या रात्री दोनपर्यंत मशीन चालू होतं. २२ कपडे सण उलटल्यावर गेले, तीन ब्लाउज बिघडले. यंदा ऑर्डर किती दिवस आधी बंद करू? तिसरं मशीन आणि आणखी एक कारागीर घेऊ का? आणि जुन्या गिऱ्हाइकांना नाही कसं म्हणू?

— एक शिलाईवाली

ताई,

दिवसाला सहा हा तुमचा आकडा खोटा नाही, पण तो साध्या दिवसांचा आहे. सणाच्या दिवसांत तो पाचावर येतो. कारागीर तीच, मशीन तीच, तास तेवढेच, तरीही येतो. गेल्या वर्षीचे २२ कपडे इथेच अडकले असणार, म्हणून आधी हे नीट बघू.

अस्तराच्या एका ब्लाउजला कटिंगला २५ मिनिटं, मशीनवर १०० मिनिटं, आणि हूक, हातशिलाई, इस्त्री मिळून ४० मिनिटं धरू. तुमचा हात वेगळा असेल, तर घड्याळ लावून चार-पाच ब्लाउजचा वेळ लिहून काढा आणि तो आकडा घ्या. आता कारागीर ताईंचं बघा. त्या नऊ तास दुकानात असतात असं धरलं, तरी जेवण, चहा, बॉबिन भरणं, दोरा बदलणं, चुकलेलं उसवणं हे सगळं वजा जाता मशीन खरं सात तास चालतं. सात तासांत चार ब्लाउज होतात. हा आकडा वर्षभर सारखा राहतो.

बदलतो तो तुमचा आकडा. तुमच्या दहा तासांतून जेवणाचा एक तास काढा. अस्तर-दोरा आणणं, फोन, बारीकसारीक दुरुस्ती यांचा आणखी एक तास काढा. उरले आठ तास. साध्या दिवशी दुकानात आठेक माणसं येतात. कोणी माप द्यायला, कोणी ट्रायलला, कोणी शिवलेलं न्यायला. प्रत्येकीला सरासरी १२ मिनिटं दिली तर दीड तासाच्या आसपास जातो. सहा ब्लाउजच्या कटिंगला अडीच तास. म्हणजे तुमच्या मशीनसाठी जवळपास चार तास उरतात आणि तुमचे दोन ब्लाउज होतात. कारागिराचे चार आणि तुमचे दोन, झाले सहा.

आता सणाच्या आधीचे आठवडे. दिवसाला वीस माणसं येतात, कारण एक ऑर्डर म्हणजे एक फेरी नसते. ती बाई माप द्यायला येते, ट्रायलला येते, न्यायला येते, आणि मध्ये एकदा नुसतं ‘झालं का’ विचारायला येते. वीस माणसांना १२ मिनिटांप्रमाणे चार तास गेले. आठातले चार उरले. त्यात पाच ब्लाउज कापायला दोन तास. तुमच्या मशीनला राहिले दोन तास, म्हणजे फार तर एक ब्लाउज. चार आणि एक, पाच. ऑर्डर जितक्या वाढतात तितका तुमचा हात मशीनवरून उठतो, आणि तुम्ही मात्र वहीत तारखा देताना सहाच्या हिशेबाने देत असता. रोजचा एक ब्लाउज मागे राहिला तरी चार आठवड्यांत पंचवीसच्या घरात जातो.

म्हणून यंदाचा सगळा हिशेब पाचावर करा. सहावा निघाला तर तो गंगाजळीत.

हा पाचाचा आकडा आहे अस्तराच्या साध्या ब्लाउजचा. तुमच्याकडे ड्रेसही येत असतील, लहान मुलांचे कपडेही. सगळं ‘एक कपडा’ म्हणून मोजलं की फसगत होते. मी अस्तराच्या ब्लाउजला एक नग धरायची. बिनअस्तराचा अर्धा नग, साधा ड्रेस सव्वा नग, आणि पाठीला डिझाइन, पायपिंग, पॅड, लटकन असलेला ब्लाउज दोन नग. वहीत कपड्यासमोर कोपऱ्यात नगाचा आकडा टाकायचा, बेरीज त्या आकड्याची करायची. पाठीच्या नक्षीच्या ब्लाउजला ‘एकच तर आहे’ म्हणून साध्याच्या ओळीत घेतलं की त्या दिवशीचा दुसरा ब्लाउज आपोआप उद्यावर जातो. हातातल्या ३८ कपड्यांनाही आज रात्री असे नग लावा. पुढच्या हिशेबासाठी मी ते ३८ नगच धरते.

आता तारीख. ती सणाकडून मागे मोजत यायची.

सणाच्या आधीचे तीन दिवस नवीन काही शिवायचं नाही. हे दिवस कपडे देण्याचे आणि घालून बघितल्यावर जे थोडं सैल-घट्ट करायचं असतं त्याचे. ज्या बाईला ब्लाउज आदल्या संध्याकाळी मिळतो तिची बाही घट्ट निघाली तर तुमच्याकडे आणि तिच्याकडेही वेळ नसतो. तीन दिवस आधी मिळाला तर ती दुसऱ्या दिवशी परत येते आणि दहा मिनिटांत काम होतं. ४५ मधून हे तीन गेले, ४२ उरले. त्यात आठवड्याच्या सुट्टीचे सहा दिवस वजा करा, ३६ उरले. सुट्टीच्या दिवशी काम करून भरून काढू असं आता मनात येईल. तो विचार हिशेबात घेऊ नका. ती सुट्टी शेवटच्या पंधरवड्यात अडीअडचणीला लागते, आधीच खर्चून ठेवली तर मग हातात काही राहत नाही. आणखी दोन दिवस लाइट जाणं, मशीन बिघडणं, कोणी आजारी पडणं यासाठी सोडा. राहिले ३४ दिवस. पाचने गुणलं की १७० नग.

यातले १७ दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. दहातला एक कपडा काही ना काही कारणाने मशीनवर परत येतो असं मी धरत आले आहे, आणि ते फारसं चुकलेलं नाही. उरले १५३. हातातले ३८ वजा केले की ११५. म्हणजे आजपासून सणापर्यंत तुम्हाला नवीन घेता येतील ते ११५ नग. त्यातले साधारण २० जुन्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवा, त्यांच्याबद्दल पुढे बोलते. बाकीच्यांसाठी ९५ राहिले.

हे ९५ कधी भरतील ते गेल्या वर्षीची वही सांगेल. सणाआधीचे सहा-सात आठवडे उघडा आणि ऑर्डर कोणत्या तारखेला आल्या ते आठवड्यावार मोजा. समजा पहिल्या आठवड्यात १४ नग आले, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ३५ आणि चौथ्यात ४८. तीन आठवड्यांची बेरीज ७१ होते. उरलेले २४ चौथ्या आठवड्यात रोज सातच्या वेगाने येतील, म्हणजे साडेतीन दिवसांत संपतील. आजपासून २४-२५ दिवसांनी वही भरली. सणाच्या २० दिवस आधी. गेल्या वर्षी तुम्ही १० दिवस आधी बंद केलं होतं. त्या मधल्या दहा दिवसांत रोज सात-आठ नग येत राहिले असतील आणि निघत पाच होते.

तुमच्या वहीतले आकडे वेगळे निघतील, तारीख चार दिवस इकडे-तिकडे होईल. ठरवायची आहे ती तारीख नाही, आकडा ठरवायचा आहे. पाटीवर लिहायला एक तारीख लागतेच, म्हणून २० दिवस आधीची लिहा. पण त्याखाली दुसरी ओळ हवी: ‘वही भरली तर त्याआधीच बंद.’ ही ओळ नसली की लोक तारखेच्या शेवटच्या संध्याकाळी एकदम येतात, आणि तुम्ही ‘तारीख तर आजची आहे’ म्हणून एका संध्याकाळी तीस कपडे घेऊन बसता.

याच आठवड्यावार हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात ३८ आणि नवीन १४ असे ५२ नग असतील. त्या आठवड्यात सहा दिवसांत ३० निघतील, उरतील २२. दुसऱ्या आठवड्यात २२ आणखी येतील, ३० निघतील, आणि उरतील फक्त १४. म्हणजे तीन दिवसांचंही काम नाही. त्या दिवसांत तुम्हाला वाटतं यंदा काम कमीच आहे. मग हात सैल पडतो, एखादं लांबचं लग्नाचं काम घेतलं जातं, आणि दोन आठवड्यांनी धो धो येतं. तो दुसरा आठवडा रिकामा जाऊ द्यायचा नाही. तो भरायचा तो राखलेल्या त्या २० नगांनी.

जुन्या गिऱ्हाइकांना नाही म्हणण्याचा प्रश्न तुम्ही विचारलात. त्यांना नाही म्हणायची वेळ येऊ नये याची सोय आत्ता करता येते, नंतर नाही. ज्या वीस-पंचवीस घरांचं काम तुमच्याकडे दर सणाला येतंच, त्यांना या आठवड्यात स्वतः फोन करा. ‘ताई, तुमची जागा वहीत ठेवली आहे. कापड घेतलं असेल तर या दहा दिवसांत आणून द्या, निवांतपणे मनासारखं शिवून देते. पंधरा दिवस आधीपर्यंत कापड आलं नाही तर ती जागा मला दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.’ एवढंच. त्यातल्या निम्म्या जणी लगेच येतात, त्यांनाही घाई टळलेली हवीच असते. ज्या येत नाहीत त्यांनाही तारीख आधी कळलेली असते, त्यामुळे नंतर रुसवा राहत नाही. ही २० नगांची राखीव जागा पंधरा दिवस आधी मिटवायची. तोपर्यंत जे आलं नाही ते संपलं. ती जागा मग शक्यतो रिकामीच ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. बोलताना मात्र तसं सांगायचं नाही.

त्यानंतर आलेल्या बाईला काय सांगायचं? वही उघडून तिच्यासमोर ठेवायची. ‘हे बघा, सणापर्यंतची सगळी पानं भरली. नवीन घेतलं तर यांच्यातल्या कोणाचा तरी मागे राहील. सण झाल्यावर चौथ्या दिवशी पहिला तुमचा.’ तुम्ही तोंडाने नाही म्हणता तेव्हा ती आग्रह करते. भरलेलं पान बघितलं की आग्रह बराच कमी होतो. आणि दुसरं काही देता येतं का ते बघा. मागच्या वर्षीचा चांगला ब्लाउज घरात असतो, फक्त बसत नाही. आतली दाब सोडून तो सैल करायला वीस मिनिटं लागतात, आणि तिला सणाला घालायला काहीतरी मिळतं. अशी फिटिंगची कामं पाच दिवस आधीपर्यंत घ्या, ती त्या १७ दुरुस्तीच्या नगांत बसतात. जास्त पैसे देते, तेवढं करा, असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. तुमच्या दिवसाचे तास तिच्या पैशाने वाढत नाहीत, ज्या बाईने वेळेत कापड दिलं तिचा ब्लाउज तेवढा मागे जातो.

आता तिसरं मशीन आणि कारागीर. मला वाटतं यंदा नको. दुकानात जागा आहे, माणूस मिळतो, तरीही नको, याचं कारण तुमच्याच दिवसाच्या हिशेबात आहे. नवीन कारागीर तुमच्या मापाला, तुमच्या गळ्याच्या वळणाला रुळेपर्यंत दिवसाला तीन ब्लाउज करेल. पण ते तीन कापायचे तुम्हालाच. आठ ब्लाउजची कटिंग म्हणजे तीन तास वीस मिनिटं. तुमच्याकडे सणाच्या दिवसांत चारच तास उरतात. म्हणजे तुमचा स्वतःचा ब्लाउज गेला. कारागीर तीन करतो, तुमचा एक कमी होतो, दुकानाचे वाढतात दोन. आणि ते दोनही पूर्ण होत नाहीत, कारण हातशिलाईची मुलगी अर्धा दिवस येते. एका ब्लाउजला हूक, हातशिलाई, इस्त्री मिळून ४० मिनिटं म्हटलं तर चार तासांत तिचे सहा होतात. सातवा ब्लाउज मशीनवरून उतरतो आणि हुकांशिवाय दांडीला लटकत राहतो. गिऱ्हाईक दाराशी येतं तेव्हा तो ‘झालाय, फक्त हूक राहिलेत’ या अवस्थेत असतो.

अडचण नेमकी कुठे आहे हे कळायला दुकानातले ढीग बघायचे. संध्याकाळी बंद करताना तीन ठिकाणी नजर टाका. चिठ्ठी लावलेलं न कापलेलं कापड किती, कापून गुंडाळून ठेवलेलं किती, आणि शिवून हुकांसाठी थांबलेलं किती. कापलेल्या गुंडाळ्यांचा ढीग मोठा असेल तर मशीनवर माणूस कमी आहे, आणि तेव्हा कारागीर घेण्यात अर्थ आहे. न कापलेल्या कापडाचा ढीग वाढत असेल तर अडलेलं तुमच्यापाशी आहे आणि दहा कारागीर आणले तरी तो ढीग हलणार नाही. आपल्यासारख्या दुकानांत बहुतेक वेळा हाच ढीग असतो.

त्याऐवजी त्या मुलीला या सहा आठवड्यांसाठी पूर्ण दिवस बोलवा. हातकामाबरोबर शिवलेले कपडे देणं, बाकी पैसे घेणं, फोन उचलणं, अस्तराचा रंग जुळवून आणणं तिच्याकडे द्या. वीस माणसांतली आठ फक्त न्यायला आलेली असतात. ती तिने सांभाळली की तुमचा दीड तास वाचतो, आणि तेवढ्यात तुमचा दुसरा ब्लाउज जवळजवळ होतो. सहा परत आले, तेही नवीन मशीन न घेता. माप आणि ट्रायल मात्र तुम्हीच घ्यायची. तीही दिवसभर नाही, संध्याकाळी चार ते सात. सकाळी पाचही ब्लाउज एका दमात कापून टाकायचे. खडू, कात्री, टेप हातात असताना सलग कापलेले पाच आणि दर तासाला उठून कापलेले पाच यांत वेळेचा आणि चुकांचाही फरक पडतो.

तरीही कारागीर घ्यायचाच असेल तर आजच आणा, शेवटच्या पंधरवड्यात नाही. आणि त्याच्याकडे सरळ शिलाईचं काम द्या. सलवार, परकर, अस्तर जोडणं. मुंढा आणि गळा तुम्ही आणि तुमच्या कारागीर ताईंनीच करा.

वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावर चालतं. बहुतेक जणी ऑर्डर आली तशी लिहीत जातात, आणि तारीख शेवटच्या रकान्यात. अशा वहीत आपण एका दिवसाला किती कबूल केलं ते दिसतच नाही. नवीन वही घ्या. एक दिवस, एक पान. वर शिवायची तारीख, आणि पानावर फक्त पाच ओळी आखायच्या. ओळीत चिठ्ठीचा नंबर, नाव, कपडा, नग, ट्रायल हवी की नाही. पाच नग भरले की खाली आडवी रेघ, पुढची ऑर्डर पुढच्या पानावर. गिऱ्हाइकाला सांगायची तारीख ही शिवायच्या तारखेच्या तीन दिवस पुढची. नवीन गिऱ्हाईक असेल किंवा पॅडचा ब्लाउज असेल तर मधल्या दिवशी ट्रायल. जुनं गिऱ्हाईक, माप तेच, तर ट्रायल नको, एक फेरी वाचली.

आणि अर्धी ऑर्डर पानावर चढवायची नाही. कापड दिलं पण अस्तर नंतर आणते, गळ्याचा फोटो रात्री पाठवते, मापाचा ब्लाउज उद्या देते, अशा ऑर्डरी मागच्या वेगळ्या पानावर पेन्सिलने. कापड, अस्तर, माप, डिझाइन आणि निम्मी आगाऊ रक्कम, हे पाचही हातात आलं त्या दिवशी तिला पान मिळतं, आणि हे तिला पहिल्याच दिवशी सांगायचं. नाहीतर पान तिच्या नावाने अडतं, तुम्ही त्या दिवशी कात्री घेऊन उभ्या आणि अस्तराचा पत्ता नाही.

ज्या ब्लाउजला आरीचं काम किंवा भरतकाम बाहेर करायला द्यायचं, त्याची तारीख वेगळी. त्यांच्याकडेही सणाची गर्दी असते. आजच फोन करून विचारा की शेवटचं कापड कधी घेणार आणि किती दिवसांनी देणार. समजा ते दहा दिवस सांगतात. त्यांच्या दहाला तुम्ही बारा धरा. त्याआधी माप घेऊन कापडावर आखून द्यायला दोन दिवस, परत आल्यावर शिवायला आणि ट्रायलला पाच दिवस, मग शेवटचे तीन दिवस. झाले २२. त्यावर आठवड्याच्या सुट्ट्या आणि तुमच्या वहीत आधीच भरलेली पानं. म्हणजे अशा कामाची वही सणाच्या महिनाभर आधी बंद व्हायला हवी. तुमच्याकडे त्यासाठी आता दोनच आठवडे आहेत. पाटीवर हे वेगळ्या ओळीत लिहा.

तीन ब्लाउज बिघडले म्हणालात. घाईत जे बिघडतं त्यातलं बरंचसं कटिंगला आणि रात्री बिघडतं. माझ्याही हातून झालं आहे. सणाच्या दोन दिवस आधी, रात्री एक वाजून गेलेला, काठाचं कापड आणि बाहीला तो काठ घ्यायचा. एक बाही कापली, दुसरी कापताना कापड उलटं करायचं राहिलं. दोन्ही बाह्या डाव्या. मुंढ्याला लावायला घेतल्यावर पुढचा खोलवा मागे आला तेव्हा कळलं. ब्लाउजपीसचं कापड मोजकंच, काठ तेवढाच, दुसरी बाही कापायला जागा नाही. काखेत जोड देऊन बाही केली आणि त्या बाईला सकाळी खरं सांगितलं. तिने घेतला, पण तिचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून रात्री आठनंतर मी कात्री उचलली नाही. रात्री करायचंच असेल तर हूक, तुरपाई, इस्त्री करा. चुकलं तरी ते उसवता येतं.

दुसरी चूक अस्तराची. सुती अस्तर पाण्यातून काढून, वाळवून, मगच कापायचं. घाईत हे राहतं. ब्लाउज देताना सुरेख दिसतो, पहिल्या धुण्यात अस्तर आवळतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. कपडा परत येतो आणि तो सगळा उसवावा लागतो, शिवायला लागले त्याहून जास्त वेळ जातो. अस्तर आलं की त्याच दिवशी चिठ्ठी टाचून भिजवायचं. दुसऱ्या दिवशी इस्त्री करून कापडाबरोबर बांधून ठेवायचं. ही मुलीची सकाळची पहिली कामगिरी करून टाका.

दर आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी पाच मिनिटं काढून उरलेले नग आणि उरलेले दिवस मांडा. नगांना दिवसांनी भागा. उत्तर साडेचारच्या आत असेल तर ठीक चाललंय. पाच आलं तर त्या संध्याकाळीच पाटी बदला, तारीख यायची असली तरी. पाचाच्या वर गेलं तर सुट्टीचा एक दिवस आत्ताच वापरा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका. आणि लागोपाठ दोन दिवस पानावरची ओळ पुढच्या पानावर ढकलावी लागली तर आठवड्याची वाट न बघता त्याच रात्री हिशेब करा.

समजा कारागीर ताई तीन दिवस आजारी पडल्या. बारा नग गेले. दोन दिवस तुम्ही सोडून ठेवलेत, त्यात दहा नग निघतात, उरलेले दोन रोजच्या सहाव्या ब्लाउजमधून. तिथवर निभतं. चौथ्या दिवशीही त्या आल्या नाहीत तर शेवटच्या पानांवरच्या नावांतून ज्यांनी एकापेक्षा जास्त ब्लाउज दिलेत त्यांना फोन करा. ‘तुमचे तीन आहेत, सणाला कोणता घालणार? तो आधी देते, बाकीचे सणानंतर.’ बहुतेक जणी ऐकतात, कारण सण त्यांना एकाच ब्लाउजमध्ये करायचा असतो. पण हा फोन आठ दिवस आधी करायचा. आदल्या दिवशी तोच फोन केला तर ती भांडण करेल आणि तिचं काही चुकणार नाही.

शेवटच्या तीन दिवसांत एक मशीन पांढऱ्या दोऱ्यावर आणि एक काळ्यावर लावून ठेवा, समोर रंगीत बॉबिन भरून. परत आलेला कपडा हातात घेतल्याबरोबर तिथल्या तिथे सैल-घट्ट करून द्यायचा, ‘ठेवून जा’ म्हणायचं नाही. दांडीवर कपडे नावाप्रमाणे न लावता न्यायच्या तारखेप्रमाणे लावा, म्हणजे ज्याची तारीख उलटली तो समोरच दिसतो आणि मुलीला फोन करता येतो.

— तुमची काकू